इमारतीच्या उभ्या रेषा सरळ करताना गच्ची धूसर का होते: या चुका टाळा

पाच मजली इमारतीचा एक फोटो मी काही वर्षांपूर्वी ६० सेंटिमीटर उंच छापून घेतला. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ट्रायपॉड, लेन्स बरी, उजेड बरा. इमारतीच्या उभ्या कडा वर जाताना एकमेकींकडे झुकत होत्या, त्या संगणकावर सरळ केल्या होत्या. प्रिंट हातात आला तेव्हा दारापाशी विटांच्या सांध्यांतला चुना दिसत होता, आणि गच्चीच्या कठड्याशी त्याच विटा ओल्या बोटाने पुसल्यासारख्या वाटत होत्या. आधी लेन्सला दोष दिला, मग छापणाऱ्याला. चूक दोघांचीही नव्हती. वरच्या विटांना पुरतील एवढे पिक्सेल मी टिपलेच नव्हते, आणि रेषा सरळ करताना होते तेवढे ताणून पसरवले होते.

फोटो सरळ केल्यावर फाइल म्हणते की पिक्सेल जवळजवळ तेवढेच आहेत. खर्च कुठे झाला हे ती सांगत नाही, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

फाइलचे मेगापिक्सेल बघून समाधान मानणे

कॅमेरा वर रोखला की सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही. सेन्सरच्या लेखी गच्ची पायथ्यापेक्षा दूर असते, म्हणून ती लहान उमटते. उभ्या कडा आत झुकतात त्या यामुळेच. दुरुस्ती करणारं सॉफ्टवेअर वरचा भाग ताणून पायथ्याएवढा रुंद करतं. पण ताणून नवी माहिती तयार होत नाही. दोन पिक्सेलांमध्ये जागा पडली की शेजाऱ्यांची सरासरी काढून ती भरली जाते, एवढंच.

म्हणून मेगापिक्सेल मोजण्याऐवजी भिंतीच्या एका मीटरला किती पिक्सेल मिळाले हे मोजावं. माझ्या त्या फोटोचंच उदाहरण घेऊ. आकडे सोपे जावेत म्हणून मापं थोडी गोळाबेरीज केली आहेत.

इमारतीचा दर्शनी भाग १० मीटर रुंद आणि १५ मीटर उंच. मी समोर बरोबर मध्यावर, भिंतीपासून १२ मीटरांवर, कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर. फुल फ्रेम सेन्सर, ४००० × ६००० पिक्सेल, कॅमेरा उभा धरलेला. लेन्स २४ मिमी. गच्ची चौकटीत यावी म्हणून कॅमेरा १५ अंश वर रोखलेला.

मूळ, न सुधारलेल्या फोटोत इमारतीचा पायथा सुमारे ३५७० पिक्सेल रुंद येतो आणि गच्ची २६५०. दोन्ही ठिकाणी भिंत तीच, १० मीटर. म्हणजे पायथ्याशी मीटरला ३५७ पिक्सेल आणि गच्चीशी २६५. आडव्या दिशेचा तोटा एवढाच.

उभ्या दिशेला तोटा जास्त असतो आणि तोच नजरेतून सुटतो. गच्ची दूर असल्यामुळे लहान दिसते, शिवाय सेन्सर तिच्याकडे तिरका असल्यामुळे तिची उंची आणखी दाबली जाते. पायथ्याशी उंचीच्या एका मीटरला ३८२ पिक्सेल मिळतात, गच्चीशी फक्त २११. आडव्या दिशेला पायथा आणि गच्चीतलं प्रमाण सुमारे १.३५ पट, तर उभ्या दिशेला १.८ पट. हे दुसरं प्रमाण पहिल्याचा वर्ग आहे. समोरून काढलेल्या फोटोसाठी हा हिशेब लक्षात ठेवायला सोपा: मूळ फोटोत पायथ्याची रुंदी आणि गच्चीची रुंदी पिक्सेलांत मोजा, भागाकार करा. तो आकडा आडवा फरक, त्याचा वर्ग उभा फरक.

दुरुस्तीनंतर सगळी भिंत एकाच मापाची होते. फोकल लेंग्थच्या हिशेबाने माप तेच ठेवलं तर मीटरला ३३३ पिक्सेल. म्हणजे पायथा किंचित दाबला गेला, ३८२ वरून ३३३, आणि गच्ची २११ वरून ३३३ वर ताणली गेली, उभ्या दिशेला १.५८ पट. तयार फाइलमध्ये इमारत ३३३३ × ५००० पिक्सेलांची दिसते, जवळपास १६.७ मेगापिक्सेल. प्रत्यक्षात मूळ फोटोत इमारतीवर पडलेले पिक्सेल मोजले तर ते १३.३ मेगापिक्सेलच्या आसपास भरतात. उरलेले सुमारे ३.४ मेगापिक्सेल ही निव्वळ सूज, आणि ती बहुतेक वरच्या दोन मजल्यांत असते.

विटेचा सांधा घ्या, एक सेंटिमीटर जाडीचा. पायथ्याशी आडवा सांधा मूळ फोटोत ३.८ पिक्सेल जाड पडतो. गच्चीशी तोच सांधा २.१ पिक्सेल. दुरुस्तीनंतर दोन्हीकडे तो ३.३ पिक्सेल दिसतो. जाडी बरोबर जुळते, म्हणून लहान आकारात बघताना काही खटकत नाही. पण वरचा सांधा दोन पिक्सेलांतून ताणून आलेला असतो, कडा विरलेल्या. फोटो १०० टक्क्यांवर उघडा, पायथ्याचा एक तुकडा आणि गच्चीचा एक तुकडा शेजारी ठेवा. खालचा सांधा रेघ वाटला आणि वरचा पट्टा, तर दोष फोकसचा असेलच असं नाही. पुसटपणा उभ्या दिशेला जास्त आणि आडव्या दिशेला कमी असेल तर तो ताणाचा. फोकस चुकला तर सगळीकडून सारखाच मऊपणा येतो. उंच आयएसओवर काढलेला फोटो असेल तर आणखी एक खूण मिळते: वरच्या आकाशातला दाणा गोल न राहता उभा लांबट होतो.

आता माझ्या प्रिंटचा घोटाळा उलगडतो. मी हिशेब केला होता की ६००० पिक्सेल उंची ६० सेंटिमीटरांत छापायची म्हणजे इंचाला २५४ पिक्सेल, चालेल. इमारतीची १५ मीटर उंची ६० सेंटिमीटरांत बसवली तर पायथ्याशी इंचाला २२७ ते २४३ खरे पिक्सेल मिळत होते, पण गच्चीशी उभ्या दिशेला फक्त १३४. त्यातही हे सेन्सरवरचे पिक्सेल. लेन्सच्या कोपऱ्यातली मऊ प्रतिमा त्यातून आणखी थोडं खाते, कारण गच्ची चौकटीच्या वरच्या काठाशीच असते.

मग फाइल केवढी ठेवावी? गच्चीशी एकही पिक्सेल ताणायचा नाही असा हट्ट धरला तर मीटरला २११, म्हणजे इमारत २११० × ३१६५, जेमतेम ६.७ मेगापिक्सेल. हा हिशेब फारच कडक आहे, कारण त्यासाठी पायथ्याचं बरंच काही फेकावं लागतं. मी गच्चीचा आडवा आकडा धरतो: मीटरला २६५, म्हणजे सुमारे २६५० × ३९७५, साडेदहा मेगापिक्सेल. उभ्या दिशेला वर थोडा ताण उरतो, तो डोळा माफ करतो. हे ३०० पीपीआयने छापलं तर इमारत साधारण ३४ सेंटिमीटर उंच येते, आणि गच्चीशीही इंचाला २३९ खरे पिक्सेल राहतात. फोटो फक्त पडद्यावर, दोन हजार पिक्सेल उंचीत दाखवायचा असेल तर मीटरला १३३च लागतात. मग या सगळ्या हिशेबाची गरजच नाही, बिनधास्त सरळ करा.

'कॅमेरा वाकवायचाच नाही' म्हणून अतिरुंद लेन्स लावणे

हा सल्ला सर्रास दिला जातो: कॅमेरा सपाट धरा, जास्त रुंद लेन्स लावा, खालची रिकामी जमीन कापून टाका, म्हणजे दुरुस्ती नको आणि रिझोल्यूशनही वाचतं. पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा तपासून बघू.

त्याच जागेवरून कॅमेरा अगदी सपाट धरला तर १५ मीटरांची गच्ची १६ मिमी लेन्सच्या चौकटीच्या वरच्या काठाला टेकते. डोक्यावर थोडं आकाश हवं म्हणून १४ मिमी लावू. आता सेन्सर भिंतीला समांतर आहे, ताण कुठेच नाही, पण सगळ्या भिंतीला मीटरला १९४ पिक्सेलच मिळतात. वाकवून काढलेल्या फोटोत सर्वात वाईट जागी, गच्चीशी उभ्या दिशेला २११ होते. म्हणजे सपाट धरून काढलेल्या फोटोची सगळी भिंत, वाकवलेल्या फोटोच्या सगळ्यात कमजोर कोपऱ्यापेक्षाही किंचित कमजोर. इमारतीवर पडलेले एकूण पिक्सेल मोजले तर हे ५.७ मेगापिक्सेल, ते १३.३. चौकटीचा खालचा मोठा भाग रस्त्यावर गेला आणि तोच कापून फेकला, त्याची ही किंमत.

सपाट धरण्याचे इतर फायदे आहेतच. रचना जागेवरच दिसते, मागून आकारमान बिघडत नाही. पण रिझोल्यूशन वाचतं हे कारण देऊ नये.

रिझोल्यूशन खरोखर वाचवायचं असेल तर शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न वाकवता वरखाली सरकवता येणारी लेन्स. २४ मिमीची, १२ मिमी शिफ्ट देणारी लेन्स कॅमेरा उभा आणि सपाट ठेवून वर सरकवली की याच जागेवरून ही गच्ची आरामात चौकटीत येते आणि मीटरला ३३३ पिक्सेल सगळीकडे मिळतात, कठड्याशीसुद्धा. २११ आणि ३३३ हा फरक प्रिंटमध्ये चष्मा न लावताही दिसतो. मात्र शिफ्ट पूर्ण ताणली की लेन्सच्या प्रतिमावर्तुळाची कड वापरात येते. तिथे प्रतिमा मऊ असते, त्यामुळे छिद्र एक-दोन थांबे लहान करावं लागतं. शिफ्ट लेन्स महाग असते, आणि वर्षातून चार इमारती टिपणाऱ्याने ती घ्यावी असं मी म्हणणार नाही.

मागे सरकायला जागा असेल तर तोच सगळ्यात स्वस्त उपाय. २० मीटरांवर जाऊन ३५ मिमी लेन्स लावली तर १० अंश वर रोखून काम भागतं. तेव्हा गच्चीशी मीटरला आडवे २६५ आणि उभे २४० मिळतात, पायथ्याशी ३०० च्या आसपास. पायथ्याचं थोडं गेलं, गच्चीचं वाढलं, आणि वरखाली पोत जवळपास एकसारखा झाला. बघणाऱ्याला खटकते ती विसंगती, सरासरी नव्हे. म्हणून मी हा सौदा नेहमी करतो. फक्त मागे जाऊन तीच २४ मिमी लेन्स ठेवू नका. २० मीटरांवर ती सपाट धरूनही गच्ची घेते, पण मीटरला २०० वर येऊन बसते, म्हणजे पुन्हा तिथेच.

गरजेपेक्षा जास्त वर रोखणे

ताण किती बसेल हे कोणत्याही बिंदूसाठी आधीच काढता येतं. `a` हा तो बिंदू कॅमेऱ्याच्या पातळीपासून किती अंश वर आहे तो कोन, आणि `t` हा कॅमेरा किती अंश वर रोखला आहे तो. फोनच्या पातळी दाखवणाऱ्या ॲपने दोन्ही मोजता येतात.

```
s = cos(a - t) / cos(a)
आडवा ताण = s
उभा ताण  = s * s
```

आपल्या गच्चीचा कोन ४८.४ अंश, कॅमेरा १५ अंश. `s` येतो १.२६, त्याचा वर्ग १.५८. वर वापरलेला आकडा हाच.

सूत्राकडे बघितलं की कळतं, `t` जितका लहान तितका ताण कमी. तरीही सवयीने आपण गच्चीवर भरपूर आकाश सोडून कॅमेरा रोखतो. त्या फोटोत कॅमेरा ११.५ अंशांवर ठेवला असता तर गच्ची चौकटीच्या काठाला जेमतेम टेकली असती, आणि उभा ताण १.४५ वर आला असता, मीटरला २३० पिक्सेल. साडेतीन अंशांत एवढी कमाई. पूर्ण काठाला टेकवू नका, लेन्सचा कोपरा मऊ असतो आणि दुरुस्तीला थोडी मोकळीक लागते. पण आकाशाचा पट्टा आखडता घ्या. तसाही दुरुस्तीनंतर तो ताणून उंच होतो.

याच सूत्राने एक गोड गैरसमजही मोडतो. गच्ची धूसर येते म्हणून तीच लेन्स गच्चीवर मध्यभागी रोखून दुसरा फोटो काढायचा आणि वरचा तुकडा त्यातून जोडायचा, असं मीही करून बघितलं आहे. तेव्हा `t` आणि `a` सारखे होतात, `s` थेट १.५ वर जातो, उभा ताण २.२७. मीटरला १४७ पिक्सेल, म्हणजे आधीच्या फोटोपेक्षाही वाईट. लेन्सचा मध्य धारदार असतो हे खरं, पण सपाट चौकटीत काठाजवळच्या एका अंशाला मध्यापेक्षा जास्त पिक्सेल मिळतात, ते आपण हातचे घालवतो. जोडकाम करायचंच तर दुसऱ्या फोटोला जास्त लांब फोकल लेंग्थ हवी.

अरुंद गल्लीत गच्ची ६० अंशांवर आणि कॅमेरा २५ अंशांवर असेल तर `s` १.६४ आणि उभा ताण २.६८. इथे मी रेषा पूर्ण सरळ करत नाही. रिझोल्यूशनचा प्रश्न आहेच, पण एवढ्या जवळून, मान मागे टाकून बघितलेली इमारत अगदी समांतर कडांची केली की तिचं डोकं जड वाटतं, जणू अंगावर येते आहे. झुकाव स्पष्ट दिसेल एवढा ठेवावा. अर्धा-एक अंश उरलेला झुकाव मात्र ठेवू नये, तो निर्णय वाटत नाही, निष्काळजीपणा वाटतो.

पायथा चौकटीत घट्ट बसवणे

व्ह्यूफाइंडरमध्ये वरच्या दोन्ही कोपऱ्यांत आकाश मोकळं दिसतं, म्हणून वाटतं की इमारतीला बाजूंनी भरपूर जागा आहे. दुरुस्तीनंतर चौकट वर रुंद आणि खाली अरुंद अशी होते, आणि त्यातून कापून काढायच्या आयताची रुंदी सगळ्यात खालची ओळ ठरवते. वरच्या कोपऱ्यांतलं आकाश जाणारच असतं. अडचण येते ती पायथ्याच्या खाली रस्ता सोडलेला असेल तेव्हा.

आपल्या फोटोत चौकटीची तळाची ओळ पायथ्यापेक्षा बरीच खाली आहे. त्यामुळे पायथ्याच्या पातळीवर ४००० पैकी सुमारे ३६९० पिक्सेलच आयताच्या आत येतात, दोन्ही बाजूंनी दीडदीडशे जातात. १० मीटरांचा पायथा ३५७० चा होता, म्हणून वाचला. भिंत ११ मीटरांची असती तर पायथा ३९२७ पिक्सेल आला असता. व्ह्यूफाइंडरमध्ये तो चौकटीच्या आत बसतो, आपण बटण दाबतो, आणि सरळ केल्यावर दोन्ही बाजूंची सुमारे ३३-३३ सेंटिमीटर भिंत आयताबाहेर.

असा फोटो हातात असेल तर सगळं गेलेलं नसतं. `Constrain Crop` सारखी आपोआप कापणी बंद करा, खालच्या कोपऱ्यांतले रिकामे त्रिकोण दिसू द्या आणि मग तळाचा रस्ता कापत वर या. तळ वर सरकतो तशी उपलब्ध रुंदी वाढते. या ११ मीटरांच्या उदाहरणात मूळ फोटोतल्या तळाच्या हजारेक ओळी सोडल्या की पूर्ण भिंत आत येते, आणि पायथ्यापुढे थोडी जमीनही उरते. गच्ची पडद्याबाहेर गेली असेल तर ती हरवलेली नसते. लाइटरूममध्ये `Scale` कमी करा आणि `Y Offset` हलवा, ती परत येते.

कडा समांतर झाल्या म्हणजे काम झालं असं समजणे

हातानं कोपरे ओढून दुरुस्ती करणाऱ्यांची ही नेहमीची चूक. वरचे दोन कोपरे बाहेर ओढले, कडा उभ्या झाल्या, खूश. पण कॅमेऱ्याने उंची दाबलेली होती, ती कोणी परत केलीच नाही. आपल्या इमारतीचा पायथा ३५७० पिक्सेल आणि मूळ फोटोतली उंची ४२६० पिक्सेल. उंची तशीच ठेवून वरची रुंदी पायथ्याएवढी केली तर प्रमाण १ : १.१९ होतं. खरं प्रमाण १ : १.५. इमारत पाचव्या हिश्शाने बुटकी झाली.

हे ओळखायला लोक मजल्यांची उंची बघतात, सगळे मजले सारखे दिसले की दुरुस्ती बरोबर धरतात. ही खूण फसवी आहे. कडा समांतर झाल्या की समान उंचीचे मजले समान दिसतातच, बुटक्या इमारतीतसुद्धा. खरी परीक्षा वर्तुळाची. एक मीटर व्यासाची गोल खिडकी या बुटक्या फोटोत ३५७ रुंद आणि २८४ उंच दिसेल, आडवं अंडं. गोल काही नसेल तर जागेवरच एका दाराची किंवा खिडकीची रुंदी-उंची टेपने मोजून ठेवा, किंवा तळमजल्याच्या एका खिडकीचा अगदी समोरून, कॅमेरा तिच्या मध्याच्या उंचीवर धरून, फोटो काढून ठेवा. त्या प्रमाणाशी जुळेपर्यंत उंची वाढवा. लाइटरूममध्ये हे काम `Aspect` करतो.

फोकल लेंग्थ माहीत असलेलं सॉफ्टवेअर हे प्रमाण स्वतः काढू शकतं, पण ती माहिती फोटोसोबत साठवलेल्या एक्झिफमधून येते. जुनी मॅन्युअल लेन्स असेल तर एक्झिफमधली फोकल लेंग्थची जागा बहुधा रिकामी असते. डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये अशा वेळी `rotate and perspective` मॉड्यूलमधलं `generic` सोडून `specific` निवडा आणि फोकल लेंग्थ व क्रॉप फॅक्टर हाताने भरा. आधीच कापलेला फोटो दिला तरी गणित चुकतं, कारण सॉफ्टवेअर चौकटीचा मध्य हाच लेन्सचा मध्य धरून चालतं. कापणी शेवटी.

क्रम उलटा लावणे

लेन्सचा फुगवटा आधी काढायचा, मग रेषा सरळ करायच्या. पर्स्पेक्टिव्ह दुरुस्ती सरळ रेषेला सरळच ठेवते आणि वाकड्या रेषेला वाकडीच. फुगलेली कड आधी सरळ करायला गेलात तर तिचा वरचा भाग जुळतो, मधला पोट काढून उभा राहतो, आणि मग तुम्ही स्लायडरशी झुंजत बसता. नंतर लेन्स प्रोफाइल लावून उपयोग नसतो, कारण लेन्सचा मध्य आता चौकटीच्या मध्यावर राहिलेला नसतो. रॉ फाइलवर एकाच सॉफ्टवेअरमध्ये काम केलं तर हा क्रम बहुधा आपोआप पाळला जातो. गडबड होते ती फोटो एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना.

फिरवणं, सरळ करणं आणि आकार बदलणं ही तीन कामं तीन वेळा वेगवेगळी करून जतन करू नका. दर वेळी पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि दर वेळी थोडी धार जाते. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, अंतिम आकारावर. आधी केलंत तर कडांभोवतीची पांढरी किनार गच्चीशी दीडपट ताणली जाते. माझ्या त्या प्रिंटमध्ये कठड्याभोवती नेमकी अशी किनार होती.

कोणती रेष उभी, हे न तपासणे

आपोआप दुरुस्तीला झाडाचं खोड, तिरकं छप्पर, जिन्याचा कठडा यांतलं काहीही उभी रेष वाटू शकतं. `Guided` सारखी सोय असेल तर दोन रेषा स्वतः काढा, चौकटीच्या दोन टोकांजवळच्या आणि जमेल तितक्या लांब. तळमजल्याच्या खिडकीच्या चौकटीवर दोनशे पिक्सेलांची रेष काढली आणि टोक दोन पिक्सेल चुकलं, तर अर्ध्या अंशापेक्षा जास्त चूक होते. तीच दोन पिक्सेलांची चूक चार हजार पिक्सेलांच्या कडेवर जाणवतही नाही.

आणि काही वास्तू मुळातच वर निमुळत्या असतात: मिनार, जुन्या चिमण्या, किल्ल्यांच्या उतरत्या भिंती. त्यांच्या कडा समांतर केल्या की वास्तूच खोटी होते. अशा वेळी त्यांच्या कडांना हात न लावता शेजारच्या साध्या इमारतीची कड किंवा दाराची चौकट धरावी. काहीच नसेल तर मिनाराच्या दोन कडांचा मधला अक्ष उभा करावा आणि निमुळतेपणा किती ठेवायचा ते फोकल लेंग्थ आणि रोखलेल्या कोनावरून ठरवावं. म्हणूनच मी हल्ली प्रत्येक फोटोआधी फोनवरचा कोन वहीत टिपून ठेवतो. दोन अंकी आकडा, दोन सेकंदांचं काम.